हर्ट्झमधून बार्कमध्ये : दोन आवाजांचे स्वर मोजताना

ध्वनिविज्ञानाच्या प्रकल्पासाठी मी घरातलेच दोन आवाज निवडले होते, मोठा भाऊ आणि त्याची सहा वर्षांची मुलगी. दोघांकडून ई, ए, आ, ऊ वगैरे मराठी स्वर म्हणवून घ्यायचे, प्राट या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे फॉर्मंट मोजायचे आणि आलेखावर मांडायचे, एवढंच काम होतं. फॉर्मंट म्हणजे तोंड आणि घशाच्या पोकळीत ज्या वारंवारता घुमतात त्या. पहिला फॉर्मंट (F1) साधारणपणे जबडा किती उघडा आहे ते सांगतो, दुसरा (F2) जीभ पुढे आहे की मागे ते.

कोणीही ऐकून सांगेल की दोघंही ‘ई’च म्हणत आहेत. पण हर्ट्झमध्ये काढलेल्या आलेखावर भावाचा ई आणि भाचीचा ई इतके लांब पडले की ते एकाच भाषेतले वाटेनात. मार्गदर्शक बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “आधी पीटरसन-बार्नीचे आकडे घे आणि त्यांच्यावर हात बसव. मग घरच्यांकडे वळ.”

पीटरसन आणि बार्नी यांनी 1952 मध्ये 76 अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्यांचे स्वर मोजले होते. त्यात पुरुष, स्त्रिया आणि मुलं असे तिन्ही गट होते. त्यांच्या सरासरीत पुरुषांच्या ‘ई’सारख्या स्वराचा F2 आहे 2290 हर्ट्झ आणि मुलांचा 3200. फरक 910 हर्ट्झचा. ‘आ’सारख्या स्वराचा F1 पुरुषांत 730 आणि मुलांत 1030, म्हणजे फरक 300 हर्ट्झ. कागदावर पहिला फरक दुसऱ्याच्या तिप्पट आहे. आता हेच आकडे मी बार्कमध्ये, म्हणजे कान वारंवारतांमधलं अंतर जसं धरतो त्या मापात, बदलले. त्यासाठी ट्राउनम्युलर यांचं 1990 चं सूत्र वापरलं, कारण ते कॅल्क्युलेटरवरही सुटतं:

```
z = 26.81 * f / (1960 + f) - 0.53
```

2290 चे झाले 13.92 बार्क आणि 3200 चे 16.10, फरक 2.18. तिकडे 730 चे 6.75 आणि 1030 चे 8.71, फरक 1.96. म्हणजे वरचे 910 हर्ट्झ आणि खालचे 300 हर्ट्झ कानाच्या लेखी जवळजवळ सारखेच. हे गणित हाताने करून पाहिल्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसला नसता.

याचं कारण आतल्या कानात आहे. शंखासारख्या वळणदार कॉक्लिआमध्ये सुमारे 35 मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. उंच पट्टीचे आवाज त्याच्या सुरुवातीच्या, ताठ भागाला हलवतात आणि मंद्र आवाज पार शेवटच्या, सैल टोकापर्यंत जातात. या लांबीवर वारंवारतांची वाटणी समान नाही. पडद्याचा साधारण 1.3 मिलिमीटरचा तुकडा म्हणजे एक बार्क असं धरतात. 500 हर्ट्झच्या खाली तेवढ्या तुकड्यात जेमतेम 100 हर्ट्झ मावतात, आणि 3000 च्या आसपास त्याच लांबीत 500 च्या जवळपास. एकाच तुकड्यात पडलेली ऊर्जा कान बरीचशी एकत्र धरतो. त्वीकर यांनी 1961 मध्ये असे 24 पट्टे मांडले आणि या मापाला बार्कहाउझन या शास्त्रज्ञाचं नाव दिलं.

मेल हे माप त्याहून जुनं, 1937 चं, आणि त्याचा जन्म निराळ्या प्रश्नातून झाला. स्टीव्हन्स, फोकमन आणि न्यूमन यांनी ऐकणाऱ्यांना सांगितलं की या स्वराच्या निम्मा उंच वाटेल असा दुसरा स्वर लावा. म्हणजे बार्क येतो कानातल्या पट्ट्यांच्या रुंदीवरून आणि मेल येतो लोकांच्या अंदाजावरून. दोन्ही वक्र बरेचसे सारखे दिसतात, खाली जवळजवळ सरळ आणि वर दबत गेलेले.

मेल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या तक्त्यात 1000 हर्ट्झपुढे 1000 मेल होते आणि माझ्या तक्त्यात 570. दोघींचंही गणित बरोबर होतं. तिने `2595 * log10(1 + f/700)` हे प्रचलित सूत्र घेतलं होतं, जे 1000 वर 1000 देईल असंच बेतलेलं आहे. मी प्राटमधलं `hertzToMel` वापरलं होतं आणि ते आतून `550 * ln(1 + f/550)` करतं. कुठलंही घ्या, पण कुठलं ते लिहून ठेवा. नाहीतर दोन जणांचे तक्ते एकत्र करताना सगळा घोळ होतो. बार्कच्या बाबतीत प्राटचं सूत्र आणि ट्राउनम्युलरचं सूत्र वेगळं असूनही 1000 हर्ट्झला दोन्हीकडे साडेआठच्या आसपासच उत्तर येतं, हा मोठा दिलासा.

बार्कमध्ये आणल्यावर भाऊ आणि भाची जवळ आले, पण एकमेकांवर बसले मात्र नाहीत. दोन बार्कचं अंतर उरलंच, मग कान हा स्वर एकच कसा मानतो? इथे मला सिर्डल आणि गोपाल यांची 1986 ची पद्धत उपयोगी पडली. त्यांनी प्रत्येक फॉर्मंट सुटा न पाहता शेजाऱ्यांमधलं अंतर पाहिलं. F3 मधून F2 वजा करायचा, F1 मधून आवाजाची मूळ वारंवारता (F0) वजा करायची, आणि दोन्ही वजाबाक्या बार्कमध्ये करायच्या. अंतर 3 बार्कच्या आत आहे की बाहेर, एवढंच बघायचं.

पीटरसन-बार्नीच्या आकड्यांवर हे करून पाहा. ‘ई’मध्ये F3 आणि F2 यांतलं अंतर पुरुषांत 1.8 बार्क आणि मुलांत 0.95. दोन्ही 3 च्या आत. ‘ऊ’मध्ये तेच अंतर पुरुषांत 6.1 आणि मुलांत 6.7. दोन्ही बाहेर. मधे कोणीच लटकत नाही. जबड्याकडून पाहिलं तरी तसंच. ‘ई’मध्ये F1 आणि F0 यांच्यात पुरुषांत दीड बार्क, मुलांत एक, तर ‘आ’मध्ये 5.7 आणि 6.1. मुलाच्या गळ्याची पट्टी उंच असते आणि पोकळी लहान असते, त्यामुळे F0 आणि F1 दोन्ही एकत्रच वर सरकतात आणि वजाबाकीत ते सरकणं बरंचसं गळून पडतं. उंबरठा 3 च्या आसपासच का, याला चिस्तोविच आणि लुब्लिन्स्काया यांच्या 1979 च्या प्रयोगाचा आधार आहे. दोन फॉर्मंट साडेतीन बार्कपेक्षा जवळ आले, तर ऐकणारा त्यांना एकाच गुरुत्वमध्याच्या शिखरासारखं ऐकतो, असं त्यांना आढळलं होतं.

मग घरच्या ध्वनिमुद्रणांकडे वळले आणि अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. मोठ्या पुरुषासाठी प्राटमध्ये फॉर्मंटची कमाल मर्यादा 5000 हर्ट्झ ठेवतात, बाईसाठी 5500. लहान मुलाची पोकळी लहान म्हणून फॉर्मंट लांब लांब असतात आणि 5500 च्या आत पाच मावतच नाहीत. तरी पाच मागितले, तर सॉफ्टवेअर एकाचे दोन करून देतं. मुलांसाठी 8000 ठेवावे लागतात:

```
To Formant (burg): 0, 5, 8000, 0.025, 50
f2 = Get value at time: 2, t, "hertz", "linear"
```

तरीही भाचीच्या ‘ई’चा F1 संशयास्पद वाटत होता. ती 300 हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे तिच्या आवाजात ऊर्जा आहे ती 300, 600, 900 अशा हार्मोनिक्सवरच. अधलीमधली जागा रिकामी. खरा F1 370 ला असला, तरी तिथे मोजायला काहीच नाही, आणि मापन जवळच्या हार्मोनिककडे ओढलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. F1 ला F0 ने भागा. उत्तर पुन्हा पुन्हा पूर्णांकाच्या अगदी जवळ येत असेल, तर तुम्ही फॉर्मंट मोजत नसून हार्मोनिक मोजत आहात. माझ्या तक्त्यात एक, एक, एक असंच येत होतं. बार्क इथे काहीच दुरुस्त करत नाही, कारण चुकीच्या हर्ट्झचे चुकीचेच बार्क होतात.

उपाय तिच्याच आवाजात सापडला. तिला म्हटलं, “तोंड अजिबात हलवू नकोस, फक्त आवाज वरून खाली घसरव.” तिने लांब ‘ईऽऽ’ घसरवला. हार्मोनिक्स खाली सरकत गेल्या, पोकळी तशीच राहिली. स्पेक्ट्रोग्रामवर सरकणाऱ्या रेषा एका ठरावीक पट्ट्यातून जाताना गडद होताना दिसल्या, आणि तो पट्टा तिचा F1. वर, F2 च्या भागात, ही पंचाईत कमी जाणवते, कारण तिथे कानाचा एक बार्कच 500 हर्ट्झचा असतो आणि हार्मोनिकच्या ओढीने झालेली शे-दीडशे हर्ट्झची चूक त्यात पाव-तृतीयांश बार्कच भरते. खाली तेवढीच चूक एका बार्कच्या पलीकडे जाते.

शेवटचा प्रश्न होता सुरावटीचा. “आलास?” असं विचारताना आवाज किती चढतो, हेही मला मोजायचं होतं. सगळं बार्कमध्ये आहे तर हेही बार्कमध्येच, असं करून पाहिलं. समजा भाऊ 120 वरून 180 ला गेला आणि मुलगी 260 वरून 390 ला. बार्कमध्ये त्याचा चढ 0.7 आणि तिचा 1.3, जवळजवळ दुप्पट. पण ऐकायला दोन्ही चढ सारखेच, कारण दोन्हीकडे गुणोत्तर 3:2 आहे, म्हणजे सा वरून पंचम. गाणाऱ्याला सांगायलाही नको की पट्टी बदलली तरी सा-प चं नातं तेच राहतं. मेलमध्ये तर सप्तकच टिकत नाही, 1000 मेलचा वरचा षड्ज 2000 मेल नव्हे.

असं होतं कारण बोलण्याची पट्टी कान केवळ पडद्यावरच्या जागेवरून ठरवत नाही. टेलिफोनच्या जुन्या वाहिनीतून 300 ते 3400 हर्ट्झच जात असत, भावाची मूळ 120 त्यातून गेलीच नसती, आणि तरी पलीकडच्या माणसाला त्याचा आवाज जाडच ऐकू आला असता. वरच्या हार्मोनिक्समधलं 120 चं अंतर आणि मज्जातंतूंच्या स्पंदनांची लय यांवरून कान ती पट्टी पुन्हा उभी करतो. फॉर्मंटला तसं मूळ नसतं, तो केवळ ऊर्जेचा उंचवटा असतो, म्हणून त्याला जागेचं माप लागू पडतं.

गुणोत्तर मोजायला सेमीटोन असतात, एका सप्तकात बारा. तरी सुरावटीसाठी तेच घ्यावेत यावर एकमत नाही. हर्मिस आणि व्हॅन गेस्टेल यांना 1991 मध्ये बोलण्यातला आघात तोलताना इआरबी हे बार्कच्या जवळचं, पण खालच्या भागात अधिक दबणारं माप बरं वाटलं होतं. नोलन यांनी 2003 मध्ये लोकांना सुरावट नकलायला लावली तेव्हा सेमीटोन थोडे सरस ठरले. माझा प्रश्न नकलेसारखाच होता, दोन माणसांचा चढ सारखा ऐकू येतो का, म्हणून मी सेमीटोन घेतले. अंतिम तक्त्यात F1, F2, F3 बार्कमध्ये आहेत आणि F0 ला दोन रकाने दिले आहेत, F1 मधून वजा करायला बार्कचा आणि सुरावटीसाठी सेमीटोनचा. मूळ हर्ट्झ शेजारीच ठेवलेत, म्हणजे कोणाला दुसरं सूत्र लावायचं असेल तर ध्वनिफिती पुन्हा उघडाव्या लागणार नाहीत.