पहाटे साडेपाचचं कोपरखैरणे

भाड्याचं घर बघायला माणसं रविवारी येतात, तेही सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मध्ये. नवी मुंबईतल्या कोपरखैरणेत भाड्याच्या घरांची कामं करताना मी हे कायम बघत आले आहे. त्या वेळी इथली कुठलीही गल्ली बरी दिसते. बऱ्याच गाड्या बाहेर गेलेल्या असतात, रस्ता मोकळा असतो, खाडीकडून वारा सुटलेला असतो. तेवढ्यावर माणसं टोकन देतात आणि अकरा महिन्यांच्या कराराला बांधली जातात. करारात लॉक-इन असतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जातं. म्हणून टोकन द्यायच्या आधी निदान एकदा रात्री आणि एकदा पहाटे येऊन जा, असं मी प्रत्येकाला सांगते. बहुतेक जण हसून सोडून देतात. डिसेंबरात जळगावहून आलेल्या एका जोडप्याने मात्र ते ऐकलं.

नवऱ्याला महापेच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. सोबत बायको आणि सात वर्षांचा मुलगा. मुलाला बालदम्याचा त्रास, त्याचा पंप आईच्या पर्समध्ये कायम. तोवर मुक्काम डोंबिवलीला नणंदेकडे होता. रविवारी दुपारी मी त्यांना दोन घरं दाखवली. पहिलं स्टेशनच्या बाजूचं, रो-हाऊसच्या गल्लीतलं, पहिल्या मजल्यावरचं. स्टेशनपासून पायी आठेक मिनिटं, आणि भाडं दुसऱ्यापेक्षा चार हजारांनी कमी. दुसरं खाडीकडचं, सोसायटीतलं, स्टेशनपासून पायी पंचवीस मिनिटांवर. दोघांचाही जीव पहिल्यावर बसला. घरमालक फोनवर म्हणाले, "आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे." मी त्यांना दोन-तीन दिवस थांबायची गळ घातली. ओळखीचे होते, थांबले.

मंगळवारी सरांना मी म्हटलं, "ऑफिस सुटल्यावर घरी जाल तसं थेट त्या गल्लीत या. स्वतःची गाडी नको, रिक्षाच करा." ताई मुलाला नणंदेकडे ठेवून संध्याकाळीच माझ्याकडे आल्या होत्या. आम्ही दोघी साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलो.

ही घरं सिडकोने बांधली तेव्हा बैठी होती. आता त्यांवर दोन-तीन मजले चढलेत. एका कुटुंबाच्या जागेत तीन-चार कुटुंबं राहतात, प्रत्येकाची निदान एक गाडी, पण गल्लीची रुंदी तेवढीच राहिली. दुपारी जिथे मुलं क्रिकेट खेळत होती तिथे रात्री दोन्ही अंगांना चारचाकी लागल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या फटींत स्कूटर. सरांची रिक्षा वळणावर आली आणि थांबली. रिक्षावाला म्हणाला, "आत नाही येणार, मागे घ्यायला जागा नाही." सर तिथेच उतरले. आम्ही तिघं चालत घराच्या फाटकापर्यंत गेलो. वाटेत एका ठिकाणी दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून जावं लागलं.

ताईंनी मागे वळून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली तर अॅम्ब्युलन्स कुठवर येईल?" मी म्हटलं, "ताई, रिक्षा जिथे थांबली तिथवर." पुढे मुलाला उचलून नेणं आलं. निरोगी माणसाला ही अडचण चालून जाईल, पण दम्याच्या मुलाच्या घरी तीच पहिली बघावी लागते. आणि ती साडेदहानंतरच दिसते, कारण नऊपर्यंत अर्ध्या गाड्या परतलेल्याच नसतात.

गल्लीबाहेरचा रस्ताही आम्ही बघितला. स्टेशनकडून येणाऱ्या वाटेवर दुकानं उघडी होती, दिवे चालू होते, कामावरून परतणाऱ्या बायका एकट्या चालत होत्या. हे त्या घराच्या बाजूने होतं आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं. रात्रीची वाट जोखताना मी आधी उघडी दुकानं बघते. मेडिकल, दूध, अंड्याची गाडी अशी दोन-तीन ठिकाणं अकरापर्यंत उघडी असली तर त्या वाटेवर माणसांचा डोळा असतो. नुसत्या दिव्यांवर जाऊ नये.

उशीर झाला होता, म्हणून दोघांना मी माझ्याच घरी ठेवून घेतलं. पहाटे पाचला उठवलं, चहा दिला आणि साडेपाचला पुन्हा त्याच गल्लीत गेलो.

वळणावरच वास आला. थिनरसारखा, गोडसर, घशाला चिकटणारा. ताईंनी ओढणी नाकाला लावली. सर आधी म्हणाले, गटाराचा असेल. मी त्यांना म्हटलं, वर बघा. पूर्वेकडच्या एकूणएक खिडक्या बंद होत्या. डिसेंबरची गार पहाट, पंख्याचीही गरज नाही, थंडीने एखादी खिडकी बंद असेल हे समजू शकतं. पण पश्चिमेकडे वळून गेलो तर तिकडच्या निम्म्या तरी उघड्या होत्या. समोरच्या इमारतीचे वॉचमन काका, साताऱ्याकडचे, मफलर गुंडाळून बसले होते. त्यांना विचारलं. "थंडीत आठवड्यातनं तीन-चारदा तरी येतो. अडीच-तीनला सुरू होतो, ऊन चढलं की जातो. आम्हाला सवय झाली," ते म्हणाले. मग आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो, किल्ली माझ्याकडे होतीच. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर ताईंनी बोट फिरवलं. घर रिकामं झाल्यावर सगळं पुसून घेतलं होतं, तरी बोट काळं झालं.

याचं कारण इथल्या नकाशात आहे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, मध्ये आपली वस्ती, मग रेल्वे, ठाणे-बेलापूर रोड, त्यापलीकडे पावणे, महापे, रबाळे असा औद्योगिक पट्टा आणि सगळ्यात मागे पारसिकचे डोंगर. दिवसा जमीन तापते आणि वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो, तेव्हा कारखान्यांचा धूर आपल्यापासून लांब जातो. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते आणि वारा उलटा फिरून डोंगराकडून खाडीकडे येतो. तो येतो तो कारखान्यांवरूनच. हिवाळ्यात भर पडते ती अशी की जमिनीलगत गार हवा साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, त्यामुळे चिमणीतून निघालेलं वर जात नाही. ऊन चढून जमीन तापली की झाकण मोडतं. आम्ही साडेआठला पुन्हा त्याच वळणावर उभे होतो. तेव्हा स्कूलबसची वाट बघणारी पोरं होती, कोथिंबीर-लिंबूवाला होता, वासाचा मागमूस नव्हता.

घरमालकांना फोन केला तर ते म्हणाले, "वास? मी कधीच घेतलेला नाही." मला त्यांचं खरं वाटतं. ते वाशीला राहतात आणि घराकडे येतात ते दुपारी.

सरांनी मोबाइलवर 'समीर' अॅप उघडलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हे अॅप चांगलं आहे, मीही बघते. पण हवेचा तो निर्देशांक धूलिकणांसाठी चोवीस तासांची सरासरी धरतो, त्यामुळे पहाटेचे वाईट तास दुपारच्या चांगल्या तासांत विरघळून जातात. शिवाय अशा रसायनांचा वास त्या निर्देशांकात मोजलाच जात नाही. वासासाठी स्वतःचं नाक आणि रात्रपाळीचा माणूस हीच दोन साधनं. वॉचमन, दूधवाला, पेपरवाला यांना विचारावं. शेजाऱ्यांना विचारलं तर काही जण घराची किंमत पडेल म्हणून बोलत नाहीत.

एक गोष्ट मी ताईंना मुद्दाम सांगितली. आज वास आला म्हणून कळलं. आला नसता तर घर चांगलं, असं ठरत नव्हतं. वारा पडलेला असेल, कारखान्यात काम कमी असेल. जूननंतर तर नैर्ऋत्येचा वारा सगळं धुऊन काढतो, तेव्हा पावसाळ्यात घर घेणाऱ्याला ही परीक्षा घेताच येत नाही. त्याने कठड्यावरची काजळी, पूर्वेकडच्या खिडक्या आणि वॉचमनचं बोलणं यांवरच भिस्त ठेवावी.

त्याच संध्याकाळी सातला ताईंना मी खाडीकडचं घर पुन्हा दाखवलं. सात ही तिथली वाईट वेळ. बाल्कनीत उभं राहिलो तर पाच मिनिटांत डासांनी पाय फोडून काढले. स्टेशनकडे जाणाऱ्या एनएमएमटीच्या बसची वाट बघितली, ती आली तेव्हा भरलेली होती. शेअर रिक्षा मिळते, पण सरांच्या सुटण्याच्या वेळी तीही कमी होते. पहाटे तिथे वास अजिबात येत नाही असंही नाही. रेल्वेपासून लांब गेल्यावर तो पातळ होतो, एवढंच. पण सोसायटीचं फाटक रुंद, आतला रस्ता मोकळा, अॅम्ब्युलन्स लिफ्टपाशी लागते. सर हिशेब करत होते, ताईंचं मात्र ठरलं होतं. चार हजार जास्त गेले तरी चालतील, डासांना जाळी बसवता येते, असं त्या म्हणाल्या. मलाही तेच पटलं होतं. पहिल्या घराला पुढच्या आठवड्यात दोन बॅचलर मुलं मिळाली. पहाटेच्या वासाचं मी त्यांनाही सांगितलं, त्यांना चालणार होतं.

खाडीकडच्या घराची एक परीक्षा डिसेंबरात होऊ शकत नव्हती. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून वसवलेला, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचं पाणी धारण तलावांत साठतं आणि ओहोटीला खाडीत सोडलं जातं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस लागला तर पाण्याला जायला वाट नसते आणि ते रस्त्यावर तुंबतं. त्या सोसायटीच्या दारात किती तुंबतं ते जुलैतच कळणार होतं. म्हणून करार करताना मी मालकांना म्हटलं, लॉक-इन सहा महिन्यांचाच ठेवा, म्हणजे जूनअखेर तो संपेल. ते आधी आठ म्हणत होते. अर्धा तास बोलणं झालं, मग तयार झाले. करारात तसं लिहून घेतलं, नोंदणी केली, आणि १ जानेवारीला सामानाचा टेम्पो थेट लिफ्टपाशी लागला.