आई-बाबांसाठी टीव्हीचा पहिला पडदा सोपा करताना

आई-बाबा टीव्हीवर मोजकेच पाहतात: सेट-टॉप बॉक्सवरच्या मराठी वाहिन्या, यूट्यूबवरची कीर्तने आणि अधूनमधून एखादा जुना चित्रपट. तरीही त्यांचा गुगल टीव्ही सुरू केला की समोर शिफारशींच्या रांगा येत, आणि त्यांतून वाट काढताना बाबा हमखास एखाद्या अनोळखी मालिकेच्या पानावर जाऊन पोहोचत.

काही बदलण्यापूर्वी दोघे रिमोट कसा वापरतात, ते मी नुसते पाहिले. अडचण अक्षरांच्या आकाराची कमी आणि ‘आत्ता आपण कुठे आहोत’ हे न कळण्याची जास्त होती. निवडलेली चौकट किंचित मोठी होते आणि उठून दिसते. पण शेजारी भडक पोस्टरे असली की आईला तो फरक जाणवत नसे.

आधी सेटिंग्जमधल्या खात्याच्या भागात जाऊन Apps only mode चालू केला. शिफारशींच्या रांगा गेल्या आणि अ‍ॅपची रांग राहिली, मात्र वरची मोठी जाहिरातवजा पट्टी या पद्धतीतही राहते. म्हणून प्ले स्टोअरवरून Projectivy Launcher हे पहिला पडदा बदलणारे अ‍ॅप घेतले. होमचे बटण दाबल्यावर मूळ पडद्याऐवजी हा पडदा यावा, यासाठी त्याला Accessibility ची परवानगी द्यावी लागते.

चौकटींचा क्रम ठरवताना मी महत्त्वापेक्षा बटण किती वेळा दाबावे लागेल, याचा विचार केला. डावीकडे पहिली सेट-टॉप बॉक्सची, म्हणजे ज्या एचडीएमआय जोडणीवर तो आहे तिची. दुसरी यूट्यूबची, तिसरी चित्रपटांच्या अ‍ॅपची. बाकीची अ‍ॅप काढून न टाकता फक्त लपवली, कारण नातवंडे आली की ती लागतातच. रांग एकच ठेवली. खाली दुसरी रांग असली की बाबांचा अंगठा खालच्या बाणावर जातो आणि मग परत कसे यायचे, हा प्रश्न उरतो.

पार्श्वभूमीला गणपतीतला घरच्या सगळ्यांचा फोटो हवा, असा बहिणीचा आग्रह होता. तो लावून पाहिला, तर पांढऱ्या सदऱ्यांवर चौकटीची कड अगदीच दिसेनाशी झाली. अखेर गडद निळा, साधा रंग ठेवला आणि तो फोटो स्क्रीनसेव्हरसाठी वापरला. त्यातही एक मेख निघाली: फोटो पडद्यावर आला की बाबांना टीव्ही अडकला असे वाटे आणि ते थेट मुख्य बटण बंद करत. त्यामुळे स्क्रीनसेव्हर सुरू होण्याची वेळ बरीच वाढवली.

टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर Accessibility ची ती परवानगी कधीकधी बंद होते. होम दाबल्यावर जाहिरातीची पट्टी पुन्हा दिसली की तेच झाले, असे समजावे. परवानगी पुन्हा कुठून द्यायची, ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दाखवून ठेवले आहे. रिमोटवरची ठरावीक अ‍ॅपची बटणे मात्र या मांडणीला जुमानत नाहीत. आईचे बोट चुकून त्यांच्यावर पडले, तर होम दाबायचे, एवढेच तिला सांगितले आहे.