तीन वर्षांत चार नोकऱ्या, आणि काकांचं घड्याळ

खराडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. एचआर मॅडमनी रेझ्युमेवर पेन फिरवत विचारलं, "तुम्ही कुठे फार टिकत नाही वाटतं?" मी पाच मिनिटं बोलत होते. क्लायंटचं बजेट, मॅनेजरचा स्वभाव, रात्रपाळी, सगळं काढलं. त्या ऐकत होत्या, पण पेनाचं टोपण लावून झालं होतं. पुढे फोन आलाच नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. जून 2021 ते मे 2024 मध्ये माझ्या रेझ्युमेवर चार नावं होती: आठ महिने, आठ महिने, चार महिने आणि चौदा महिने. मैत्रीण म्हणाली, चार महिन्यांची उडवून टाक, कोणाला कळणार आहे? मी उडवणारच होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. चहा पिता पिता ते म्हणाले, "अगं, आधी पीएफचं पान उघड, मग काय उडवायचं ते ठरव."

ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` असतं. ज्या ज्या ठिकाणी पीएफ कापला गेला, त्या आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख तिथे दिसते. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासताना अनेकदा हेच पान मागते. चार महिन्यांची नोकरी तिथे ठसठशीत होती. लपवली असती तर धरसोड वृत्तीपेक्षा वाईट शिक्का बसला असता, खोटं बोलल्याचा.

पण त्या पानाने मला एक वेगळीच गोष्ट दाखवली. पहिल्या दोन नोकऱ्यांसमोर नाव एकच होतं! मी थर्ड पार्टी पेरोलवर होते. पगार एजन्सी देत होती, मी बसत होते क्लायंटच्या ऑफिसात. रेझ्युमेवर मी क्लायंटची नावं मालक म्हणून लिहिली होती, म्हणजे स्वतःच्या हाताने एका नोकरीच्या दोन केल्या होत्या. वर तपासणीत नावं जुळली नसती ते वेगळंच.

मग असं लिहिलं: एजन्सीचं नाव, जून 2021 ते सप्टेंबर 2022. त्याखाली दोन ओळी: "पहिला क्लायंट, आठ महिन्यांचा कंत्राटी प्रोजेक्ट, मुदत पूर्ण" आणि दुसऱ्याचं तसंच. सलग सोळा महिने झाले. दोन वेगळ्या एजन्सी असत्या तर मात्र असं जोडणं ही लबाडी झाली असती. चौदा महिन्यांच्या नोकरीपुढे "कंपनीने पुण्यातली टीम बंद केली" एवढंच लिहिलं. महिने सगळीकडे ठेवले. नुसती सालं लिहिली की वाचणाऱ्याला हमखास वास येतो.

उरली चार महिन्यांची. ती माझ्या मर्जीने सोडलेली, त्यामुळे तिला कंत्राटाची ढाल नव्हती. काकांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. "सांग, का सोडलीस?" मी सुरू झाले आणि त्यांनी मध्येच थांबवलं. "दीड मिनिट झालं आणि अजून तू मॅनेजरलाच शिव्या घालतेयस. त्या बाईला तुझा मॅनेजर नकोय. तू पुन्हा चार महिन्यांत गेलीस तर ती जागा तिलाच परत भरायची आहे, तेवढीच तिची काळजी."

घासून घासून उत्तर असं उरलं: "काम अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री निघालं. ऑफर स्वीकारताना मी शिफ्टचं लेखी विचारलं नाही, ती माझी चूक. तीन महिने प्रयत्न केला, तब्येतीला झेपेना, म्हणून नोटीस पूर्ण करून सोडली. आता हे आधीच विचारते." वीस-बावीस सेकंद. "आणि मग गप्प बस," काका म्हणाले. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं.

बाणेरच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. उत्तर दिलं आणि थांबले. दोन सेकंद शांतता होती. मग मीच विचारलं, "या जागेची शिफ्ट कोणती आहे? ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का?" एचआरचे सर हसले आणि वहीत काहीतरी टिपलं. पुढचा अर्धा तास ऑटोमेशनच्या कामावर गेला.

तपासणीत एक खोट निघालीच. चार महिन्यांच्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, म्हणजे कागदावर मी अजून तिथेच! रिलीव्हिंग लेटर होतं म्हणून निभावलं. तारीख मी स्वतः `Manage` मधल्या `Mark Exit` मधून आधार ओटीपीने टाकली. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने उलटले की ती आपल्याला टाकता येते, हे तेव्हा कळलं.

ऑफर लेटर आलं तेव्हा पगाराच्या आधी मी शिफ्टची ओळ शोधली. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. काकांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा लावून आधी नोटीस पिरियड वाचला. "नव्वद दिवस. आता बस निवांत."