दिल्लीची सेकंडहँड गाडी, पुण्यातून तपासणी

२०१८ची पेट्रोल सेडान दिल्लीत आणि घेणारे आम्ही पुण्यात. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथला स्वतंत्र तपासनीस ठरवला. तपासनीस विकणाऱ्याने सुचवलेला नसावा आणि त्याचे पैसे आपणच थेट द्यावेत. आधी त्याचा एखादा जुना अहवाल मागवा. त्यात नुसतं 'ओके, ओके' लिहिलं असेल तर दुसरा माणूस शोधा. अहवालात आकडे आणि त्यांचे फोटो हवेत.

आमच्या अहवालात रंगाच्या जाडीची रीडिंग होती. बॉनेट आणि छत ११० ते १२५ मायक्रॉन, डावा फेंडर २४० आणि त्याच बाजूचा पुढचा दरवाजा २६०. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो, म्हणजे हे दोन भाग पुन्हा रंगवलेले. एवढ्यावरून गाडी सोडायची गरज नाही. पुट्टी जाड भरली असती तर आकडा पाचशेच्याही वर गेला असता. खरा प्रश्न मार आत पोचला का, हा. म्हणून दरवाजा उघडून खांबाचं रीडिंग आणि फेंडरच्या बोल्टचे जवळून फोटो मागवले. खांब ११५ आला, बोल्टच्या कडांवरचा रंगही शाबूत होता. मार वरवरचा होता.

अडचण निघाली ती गाडीच्या कंप्युटरच्या स्कॅनमध्ये. 'एकही फॉल्ट कोड नाही' असं लिहिलं होतं, पण स्क्रीनच्या फोटोत `Distance since codes cleared` समोर १८ किमी होते आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते ती त्याची चाचणी, अपूर्ण होता. कोड पुसले की मॉनिटरही शून्यावर येतात आणि गाडी वेगवेगळ्या वेगाने बरीच चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. बॅटरी बदलली तरी असं होऊ शकतं, म्हणून लगेच आरोप करू नये. गाडी शंभरेक किलोमीटर चालवून मॉनिटर पूर्ण झाल्यावर पुन्हा स्कॅन करून मागावा, त्याचे वेगळे पैसे द्यावेत. दुसऱ्या स्कॅनला `P0420` आला. हा कोड कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा. कधी मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा एक्झॉस्ट पाइपची गळतीही कारण असते, पण भाव करताना कन्व्हर्टरचाच खर्च धरावा, कारण यातला तोच सगळ्यात महाग. तेवढी रक्कम उतरल्यावरच आम्ही दिल्ली गाठली.

तिथे सकाळी इग्निशन ऑन करून, इंजिन सुरू न करता स्कॅनर लावला. कूलंटचं तापमान २४ अंश, आत येणाऱ्या हवेचं २३. म्हणजे इंजिन रात्रभर थंड होतं. कूलंट ५०-६० अंश दिसलं तर समजा गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. अशा वेळी थंड इंजिनचा खडखडाट आणि पहिला धूर दिसत नाही.

कागदपत्रं तपासनिसाच्या कामात येतीलच असं नाही. थकीत चलन आणि कर्जाचा बोजा परिवहनच्या संकेतस्थळावर आपण बघावा. टोकन देताना दिल्लीच्या आरटीओची एनओसी विकणारा काढून देईल आणि न मिळाल्यास टोकन परत करेल, हे लिहून घ्यावं. महाराष्ट्रात नोंदणी करताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो भाव ठरवण्याआधीच हिशेबात धरा.