आमची वाटचाल : दीडशे अक्षरांतली वाकळ

आमचं काम एका ओळीत सांगता येतं: लोकांच्या घरातल्या जुन्या साड्या घेऊन त्यांची वाकळ शिवून देणं. बेळगावातल्या वडगावात सासूबाईंच्या हाताखाली मी हे शिकले. आता माझ्यासोबत पाच बायका शिवतात. गल्लीत कुणाला समजावावं लागत नव्हतं. इन्स्टाग्रामवर आलो आणि अडलो.

पहिल्या बायोत मी लिहिलं होतं, ‘मायेची ऊब, आठवणींचा धागा. परंपरा जपणारं एक स्वप्न.’ फोटोंना लाइक भरपूर येत, ऑर्डर मात्र येत नव्हती. मेसेज यायचे ते असे: बाळंतविडा मिळतो का? शाली आहेत का? तुमची संस्था आहे का? चंदगडच्या एका ताईंनी तर सरळ विचारलं, ‘नेमकं काय विकुलाय ओ तुम्ही?’ मी घरी येऊन ती बायो परत वाचली. तिच्यात वाकळ हा शब्दच नव्हता.

मग आठवड्याभराचे सगळे मेसेज वहीत उतरवले. वेगवेगळे वाटले तरी प्रश्न चारच होते. तयार मिळते की आमच्या साड्या द्यायच्या? किती साड्या लागतात? तुम्ही कुठं आहात? ऑर्डर कशी द्यायची? बायोत या चारांची उत्तरं हवीत, एवढं नक्की झालं. अडचण होती जागेची. इन्स्टाग्राम बायोला 150 अक्षरं देतं आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘साड्यांची’ हा एक शब्दच नऊ अक्षरं खातो. म्हणून ‘माया’, ‘परंपरा’, ‘स्वप्न’ यांना काढावं लागलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ती माया खरीच आहे. पण ती फोटोतल्या टाक्यांत दिसते, तिला बायोत जागा द्यायची गरज नव्हती. शेवटी हे उरलं:

तुमच्या जुन्या साड्यांची वाकळ शिवून देतो
सिंगलला 4, डबलला 6 साड्या लागतात
वडगाव, बेळगाव. कुरिअरनेही पाठवतो
साड्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा

‘तुमच्या’ हा शब्द सगळ्यात आधी मुद्दाम ठेवला आहे. तो नसला तर लोक तयार माल समजतात. पुष्कळ जण पहिली ओळ वाचूनच पुढे सरकतात, म्हणून मुख्य काम तिथेच हवं. दर बायोत टाकला नाही. माप आणि अस्तराप्रमाणे तो बदलतो, एक आकडा लिहिला की पुढे वाद होतो. तो वर पिन केलेल्या पोस्टमध्ये आहे.

बायोच्या वर ठळक अक्षरांत नाव असतं, ते मी आधी फक्त दुकानाचं ठेवलं होतं. पण शोधताना इन्स्टाग्राम ते नावही बघतं. आमच्या भागात तर एकाच वस्तूला तीन शब्द आहेत. आम्ही वाकळ म्हणतो, पुण्याकडचे गोधडी म्हणतात आणि बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड लोक कौदी. शहराचं नाव 2014 साली अधिकृतपणे बेळगावी झालं, तरी बरेच लोक अजून जुनंच टाईप करतात. म्हणून नाव असं केलं:

```
Vakal Godhadi Kaudi | Belgaum Belagavi
```

हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी कागदावर पक्कं करूनच टाका.

तपासणी अशी केली. खडेबाजारात रीळ घ्यायला गेले होते, तिथं शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना मोबाईल दाखवला, पाच आकडे मोजले आणि स्क्रीनवर हात ठेवला. ‘हे लोक काय करतात?’ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आपल्या साड्या दिल्या की वाकळ शिवून देतात.’ आधीची बायो दाखवल्यावर दुसऱ्या एकींनी ‘लोकरीचं काहीतरी’ असं सांगितलं होतं. घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तर माहीतच असतं.

बायो बदलल्यावर मेसेज थांबले नाहीत, पण प्रश्न बदलले. ‘काय विकता?’ गेलं आणि ‘काठपदराची चालेल का?’, ‘सिंथेटिक घेता का?’ असं येऊ लागलं. सिंथेटिक थर शिवताना सरकतात, म्हणून ते आम्ही आत घालत नाही, वरच्या थराला चालतं. हे बायोत मावत नाही, हायलाइटमध्ये ठेवलंय.

मागच्या महिन्यात बैलहोंगलहून एका आजींच्या नातवानं फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘कौदी करायची आहे, पण सगळ्या नऊवारी आहेत, चार लागतीलच का?’ नऊवारीला कापड जास्त, सिंगलला तीन पुरतात. बायोत दहा-अकरा अक्षरं शिल्लक होती. ‘सिंगलला 4’च्या पुढे ‘(नऊवारी 3)’ लिहिलं.