काठावरचा विद्यार्थी आणि ३.६ मिली

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वी औषधांच्या मात्रांवर ६० बहुपर्यायी प्रश्नांची एक अंतर्गत चाचणी घेतली जाते. तिची उत्तीर्णतेची रेषा पूर्वी ३० गुणांवर, म्हणजे रूढ पन्नास टक्क्यांवर होती. परंतु एका वर्षी सोपी आणि पुढच्या वर्षी कठीण प्रश्नपत्रिका निघाली, तर त्याच ३० गुणांचा अर्थ पूर्णपणे बदलतो. म्हणून प्रश्नपत्रिकेकडे पाहूनच रेषा ठरवावी, असे आम्ही ठरवले आणि त्या बैठकीचे संचालन माझ्याकडे आले.

पद्धत अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते. विल्यम अँगॉफ यांनी १९७१ साली एका दीर्घ प्रकरणाच्या तळटीपेत ती मांडली होती. परीक्षकाने प्रत्येक प्रश्नासाठी सांगायचे असते, की जेमतेम उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेचे शंभर विद्यार्थी असतील, तर त्यांपैकी किती जण अचूक उत्तर देतील. सर्व परीक्षकांच्या अंदाजांची प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून बेरीज केली की उत्तीर्णतेचे गुण मिळतात.

आठ परीक्षक जमले होते. पहिला तास आम्ही एकही प्रश्न न उघडता केवळ या काठावरच्या विद्यार्थ्याचे वर्णन फळ्यावर लिहिण्यात घालवला. प्रौढांच्या नेहमीच्या मात्रा त्याला येतात, मूत्रपिंडाच्या विकारात मात्रा कमी करायची हे त्याला ठाऊक असते, पण किती कमी करायची हे तो विचारतो. वरिष्ठ जवळ असताना त्याला वॉर्डात उभे करता येते, एकटे सोडता येत नाही. हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु तो वगळला तर प्रत्येक परीक्षक आपल्या मनातल्या वेगळ्याच विद्यार्थ्याबद्दल अंदाज देत बसतो.

खरा पेच एका साध्या प्रश्नावर आला. बारा किलो वजनाच्या बालकाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यायचे आहे आणि सिरपच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम औषध आहे, तर किती मिली द्यावे? उत्तर ३.६ मिली. अंदाज आधी कागदावर लिहून घेतले होते, कारण विभागप्रमुखांनी तोंडी आकडा सांगितल्यावर कनिष्ठांचे आकडे त्याच्याभोवती गोळा होतात. कागद उघडले तेव्हा सात जणांनी ७५ ते ९० च्या दरम्यान लिहिले होते. बालरोग विभागातील सहायक प्राध्यापिकेने मात्र ४० लिहिले होते.

सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा देणाऱ्यांनी आधी बोलायचे, असा नियम होता. नव्वद लिहिणारे विभागप्रमुख म्हणाले, "अहो मॅडम, हे तर त्यांना यायलाच हवे." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "यायला हवे सर, पण येत नाही. १८० मिलिग्रॅमपर्यंत सगळे पोहोचतात. मिलीत रूपांतर करताना गडबडतात, नाहीतर बाटली १२५ ची धरून ७.२ लिहितात." पर्यायांमध्ये ७.२ होतेच.

काय यायला हवे आणि प्रत्यक्षात काय येईल, या दोन प्रश्नांची सरमिसळ हा या पद्धतीतला सर्वांत सामान्य दोष आहे, आणि ज्याला विषय हाताच्या बोटांवर आहे त्याच्याकडून तो अधिक घडतो. उलट टोकाची चूकही त्या दिवशी दिसली: एका अवघड प्रश्नाला कोणीतरी १५ लिहिले होते. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी शंभरात पंचवीस उत्तरे बरोबर येतात. चुकीचा पर्याय फारच मोहक नसेल, तर त्याखाली जाण्यास कारण लागते.

चर्चेनंतर मी मागील तुकडीची आकडेवारी दाखवली. हा क्रम महत्त्वाचा आहे. ती आधी दाखवली असती तर परीक्षकांनी अंदाज न करता तेच आकडे उतरवले असते. सिरपचा प्रश्न संपूर्ण तुकडीत शंभरात ६२ जणांनी बरोबर सोडवला होता आणि मध्यम-कमकुवत गुणांच्या गटात सुमारे निम्म्यांनी. दुसऱ्या फेरीत या प्रश्नाची सरासरी ७८ वरून ५८ वर आली. विभागप्रमुखांनी स्वतःचा आकडा ९० वरून ६५ केला. बालरोगाच्या मॅडमनीही आपला ४० चा ४५ केला.

साऱ्या प्रश्नपत्रिकेची बेरीज पहिल्या फेरीत ४१.६ होती, दुसऱ्या फेरीत ३७.९ झाली. परीक्षकांच्या एकूण बेरजांतील प्रमाण विचलन सुमारे २ होते. त्याला आठच्या वर्गमुळाने भागले की सरासरीतली अनिश्चितता ०.७ गुण येते. म्हणजे दुसरे आठ परीक्षक बसवले असते, तर रेषा एखादा गुण इकडेतिकडे सरकली असती. आम्ही ३८ ही रेषा कायम केली.

बैठक संपता संपता त्याच मॅडमनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर या बेरजेत नव्हते: ३८ गुण मिळवणारा विद्यार्थी मिलीचा हिशेब असलेले सगळे प्रश्न चुकवूनही उत्तीर्ण होतो, त्याचे काय? बेरीज पद्धतीत एका विषयातील उणीव दुसरा विषय भरून काढतो, हे खरे आहे, आणि इथे ते चालणार नाही, यावर कोणाचे दुमत नव्हते. पुढील वर्षापासून मात्रांच्या हिशेबाचे प्रश्न वेगळे काढून त्यांची रेषा स्वतंत्रपणे ठरवायची, अशी नोंद त्याच दिवशी इतिवृत्तात झाली.