सरासरी पास, तुकडा नापास

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये थंड गॅसच्या लाइनसाठी बनवलेल्या फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडायच्या कड्यांचे, तुकडे आले होते. मटेरियल एलएफ-२, म्हणजे थंडीत वापरायचं फोर्जिंगचं पोलाद. चार्पी टेस्ट उणे ४६ अंशांवर; पेंड्युलमच्या एका घावात तुकडा मोडायला किती ऊर्जा लागते ते त्यात मोजतात. तुकडा ओढून बघायची टेन्साइल टेस्ट आदल्या दिवशीच झाली होती. ताकद आणि लांबण दोन्ही व्यवस्थित.

तुकडा १० बाय १० मिलिमीटरचा, ५५ लांब, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच. अल्कोहोल आणि ड्राय आइसच्या बाथमध्ये तिन्ही तुकडे पाच मिनिटांहून जास्त ठेवले, चिमटाही त्याच बाथमध्ये. बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत पेंड्युलम आदळायला हवा. आकडे आले ६१, ५२ आणि १३ ज्यूल.

पार्टीचा माणूस शेजारीच उभा होता. त्याने लगेच हिशोब केला, "सरासरी ४२ येते मॅडम. २० हवेत ना? मग पास!"

सरासरी पास होती, पण एकही तुकडा १६ च्या खाली चालत नाही. मग त्याने बाथवर शंका घेतली. शंका रास्त, पण दिशा उलटी. तुकडा ठेवायला उशीर झाला तर तो गरम होतो आणि आकडा वाढतो. नॉचचं टोक बोथट असलं तरी वाढतोच. आकडा खोटा खाली येईल तो नॉच जास्त टोकदार किंवा खोल असेल तर, नाहीतर बाथ जास्त थंड असेल तर. बाथची नोंद बरोबर होती. उरलेल्या तुकड्यांचे नॉच त्याच ब्रोचने कापलेले. ते प्रोजेक्टरवर लावून दाखवले. टोकाची त्रिज्या पाव मिलिमीटर, जशी हवी तशी.

खरं उत्तर मोडलेल्या तुकड्यांतच होतं. ६१ वाल्याच्या कडा ओढल्यासारख्या, रंग मळकट करडा. १३ वाला खडीसाखर फोडल्यासारखा सपाट आणि चमकणारा, कडा जवळपास नाहीतच. एकाच फ्लँजमध्ये दोन्ही तऱ्हा दिसल्या, म्हणजे उणे ४६ ला हे पोलाद चिवट आणि ठिसूळ यांच्या सीमेवर बसलं होतं. तिथे आकडे असे उड्या मारतातच. थंडीत पोलादाला वाकायला जास्त ताण लागतो; नॉचच्या टोकाशी वाकण्याआधीच कण चिरत जातात. टेन्साइलचा गुळगुळीत तुकडा सामान्य तापमानाला सावकाश ओढतात, त्यात हे कळणार कसं?

रीटेस्टला नियमाप्रमाणे आणखी तीन तुकडे, प्रत्येकी किमान २० हवेत. ७०, ४८, ११. विषय संपला.

मायक्रोस्कोपखाली कण मोठे आणि विषम दिसले. फोर्जिंगवाल्याने मग कबूल केलं की नॉर्मलायझिंगला, म्हणजे कण बारीक करायला माल तापवून हवेत थंड करतात त्या वेळी, भट्टी खच्चून भरली होती. मधला माल नीट तापलाच नसावा. माझ्या मते भट्टीचा चार्ट इथे फसवा ठरतो, कारण तो भट्टीचं तापमान सांगतो, मालाच्या पोटातलं नाही.

सगळा लॉट परत गेला, मोकळा रचून पुन्हा नॉर्मलाइझ झाला. या वेळी ९४, ८८, ७९. पार्टीच्या माणसाने आकडे नंतर लिहून घेतले, आधी तुकडे हातात घेऊन कडा पाहिल्या.